वाळुंजाच्या सालीचा जांभळा रंग

श्रावण खोब्रागडे माणसांचे दोन भाग करीत असे. एक, ज्यांना सूक्ष्मदर्शकातून बघता येतं ते. आणि दुसरे, बाकी सगळे. वेलमपेठच्या सरकारी दवाखान्यात पहिल्या भागात तो एकटाच होता.

वेलमपेठ अहेरीहून बसने तासाभराच्या अंतरावर, प्राणहितेच्या काठाला. श्रावण तिथे लॅब टेक्निशियन होता. दिवसभर हिवतापाच्या काचा बघायच्या, त्यात जंतू सापडला तर नोंद करायची, अधूनमधून लघवी तपासायची, एवढंच काम. ते तो चोख करी आणि बाकीच्यांचं काम कसं गचाळ आहे ते मनातल्या मनात मोजत बसे. डॉ. सरपटवार यांनी पास झाल्यावर पुस्तक उघडलेलं नाही, हे त्याचं पक्कं मत. कंपाउंडर बाटलीवरची चिठ्ठी वाचण्याआधी बाटलीचा रंग बघतो, हे दुसरं. आणि गावातले लोक बोटाला सुई टोचू देतात ते जणू सरकारवर उपकार म्हणून, हे तिसरं.

पण त्याचा खरा तिटकारा झाडपाल्यावर. त्याचे वडील रामाजी छप्पन साली चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परतले, आणि आल्याबरोबर घरातले देव, भगताने दिलेले ताईत, दारावरची लिंबं, सगळं एका टोपल्यात भरून तलावात सोडून आले. पोरांना त्यांनी एकच शिकवलं. कोणी काही सांगितलं की विचारायचं, तुले कसं मालूम? श्रावणने हा प्रश्न आयुष्यभर विचारला. फक्त तो प्रश्न स्वतःकडे वळवायचा असतो, हे वडिलांनी सांगितलं नव्हतं, की सांगितलं असेल तर याने ऐकलं नव्हतं.

शहाऐंशीच्या मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात, गिरजाबाईला बैलगाडीत घालून आणलं. पन्नाशीची बाई, पत्ता तोडून तोडून गुडघे गेलेले. तीन दिवस पोटात अन्न नव्हतं. ओकारीत चहाच्या चोथ्यासारखं काळपट काहीतरी पडत होतं, शौचाला डांबरासारखी होत होती, कानात सारखी घंटी वाजते म्हणत होती. आणि श्वास असा की धावून आल्यासारखा. डॉक्टरांना वाटलं साखर वाढली असेल. त्यांनी लघवीची बाटली श्रावणकडे पाठवली.

साखर निघाली नाही. मग त्याने रक्तातलं आंबटपण बघायची जुनी परीक्षा केली. लघवीत फेरिक क्लोराईडचे थेंब टाकायचे. उपाशी माणसाच्या किंवा बिघडलेल्या मधुमेहाच्या लघवीत जे आम्ल उतरतं, ते द्राक्षाच्या दारूसारखा तांबूस रंग देतं. इथे रंग आला तो तांबूस नव्हता. जांभळ्या शाईचा होता. श्रावणने नवी नळी घेतली, लघवी आधी चांगली उकळली आणि पुन्हा थेंब टाकले. उपाशीपणाचं आम्ल उकळल्यावर उडून जातं. हा जांभळा रंग गेला नाही. उलट अधिक स्वच्छ दिसू लागला.

नागपूरला शिकताना एका म्हाताऱ्या मास्तरांनी हे दाखवलं होतं. उकळूनही जांभळा राहिला, तर रोग शोधू नका, गोळ्या शोधा. माणसाने आस्पिरीनच्या जातीचं औषध खाल्लेलं आहे.

डॉक्टरांनी गिरजाबाईला विचारलं, कोणत्या गोळ्या खाल्ल्या?

"गोळी त हातात बी धरली नाई," ती म्हणाली. "गोळीनं आंगात गरमी होते. मी जंगलाचंच चूर्ण खाऊन राह्यलो. तीन महिने झाले."

चूर्ण उमाजी वैद्याचं होतं. आठवडी बाजारात लाल फेटा बांधून, भोंगा लावून, पुढ्यात मुळ्या आणि कुठल्याशा जनावराची नखं मांडून बसणारा उमाजी. शंभर टक्के जंगली, गोळीचा गुण आणि गोळीचा त्रास नाही, असं तो ओरडत असे. गिरजाबाईचे गुडघे पहिल्या आठवड्यातच हलके झाले होते. मग एकाची दोन चमचे झाली, दोनाची चार. जंगलाची वस्तू, तिला कसली मोजणी?

डॉक्टरांनी तिला सलाईन लावलं, पोटाला दुधी औषध पाजलं आणि वनखात्याच्या गाडीतून चंद्रपूरला पाठवलं. तिथे तिला दोन बाटल्या रक्त चढवलं, ती वाचली. श्रावणने तिच्या सुनेकडून उरलेली पुडी मागून घेतली.

पुडीला ओलसर, किंचित आंबट वास होता. त्याने चिमूटभर चूर्ण काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. तपकिरी धागे, सालीचे तुकडे, माती. आणि त्यांच्यात पांढरे, चकचकीत, चपटे खडे. झाडाच्या पोटात असे खडे दळून ठेवलेले नसतात. तो सुईच्या टोकाने एकेक खडा वेचत बसला. पुरेसे जमल्यावर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळले, मग जपून आम्ल टाकलं. नळीतून व्हिनेगरचा स्वच्छ वास आला. थोडं वेगळं काढून, फार आंबट राहणार नाही असं करून फेरिक क्लोराईड टाकलं. जांभळा.

श्रावण त्या दिवशी खुशीत जेवला. एखाद्याला तुच्छ मानावं आणि तो खरोखर तसाच निघावा, यासारखं सुख त्याला दुसरं माहीत नव्हतं.

पुढच्या बाजारी पोलीस पाटील मुखरूभाऊंना घेऊन तो उमाजीच्या पालावर गेला. लोक जमले. श्रावणने सगळं सांगितलं. उमाजी घाबरला नाही. तो हसला, आणि जे बोलला ते श्रावणला अपेक्षित नव्हतं.

"आस्पिरीन कुठून आली साहेब? झाडातूनच ना? इंग्रज लोकं वाळुंजाची साल चघळत. त्यातूनच गोळी काढली. माह्या चूर्णात वाळुंजाची साल हाय. मंग जांभळं होईन नाई त काय हिरवं? साल मले ढिवर मोहल्ल्यातली देवकाबाई देते. विचारा तिले."

देवकाबाई तिथेच सुकी मासळी घेऊन बसली होती. सत्तरीची, नवरा नदीतच गेलेला, मुलगे जाळी टाकणारे. अंगदुखी, तापातली कणकण यांवर ती वाळुंजाच्या सालीचा काढा देते हे सगळ्यांना ठाऊक होतं. साल दिली का, तर हो, एकदा पोतंभर दिली होती. इतकंच ती बोलली.

श्रावण दवाखान्यात परतला आणि डॉक्टरांना विचारलं. सरपटवारांनी पंख्याकडे बघत सांगितलं, की तसा तो माणूस चुकीचा नाही. विलोच्या, म्हणजे वाळुंजाच्याच जातीच्या झाडाच्या सालीतूनच आस्पिरीन आली, असं शिकवलं होतं खरं. पुढे काय शिकवलं होतं ते त्यांना आठवत नव्हतं. श्रावणला वाटलं, या माणसाला पदवी देणाऱ्या कॉलेजाला कुलूप लावलं पाहिजे.

तो स्वतः नदीवर गेला, वाळुंजाची साल काढून आणली, तिचा काढा उकळला आणि त्यात तेच थेंब टाकले. काढा हिरवट काळा झाला. शाईच जणू. जांभळ्याची छटासुद्धा नाही. श्रावणने निकाल लावून टाकला. पुढच्या बाजारी त्याने नळी सगळ्यांना दाखवली आणि मोठ्याने सांगितलं, की उमाजी चोर आहे आणि देवकाबाईच्या सालीत काही नाही. हिरड्याच्या पाण्यासारखी नुसती तुरट शाई आहे. दोघंही लोकांना फसवतात. एक जाणूनबुजून, दुसरी अडाणीपणाने.

उमाजीने दुपारीच पाल गुंडाळलं. देवकाबाई मासळी विकत बसून राहिली. श्रावणकडे तिने पाहिलंही नाही.

पंधरा दिवसांनी ती दवाखान्यात आली. हातात पितळेचा गडवा, त्यावर पळसाचं पान झाकलेलं. खांद्यावर फाटकं जाळं. लॅबच्या दारात उभी राहून तिने आतल्या नळ्या, बरण्या, दिवा असं सगळं न्याहाळलं, जशी एखाद्याच्या अस्ताव्यस्त स्वयंपाकघराकडे परकी बाई बघते.

"तुमी माही साल कायले पाजली होती?" तिने विचारलं.

श्रावणने नळीकडे बोट दाखवलं.

"शिशीले," ती म्हणाली. "मी शिशीले औषध देत नाई, भाऊ. माणसाले देतो. शिशीचे गुडघे दुखत नाई."

श्रावणला हसू आलं. त्याने तिला समजावायला सुरुवात केली, की वस्तू असेल तर नळीत दिसणारच. तिने त्याला बोलू दिलं, आणि तो थांबल्यावर गडवा टेबलावर ठेवून म्हणाली, प्या. भ्याव वाटत असन त राहू द्या.

आता मागे हटणं शक्य नव्हतं, आणि हटायचंही नव्हतं. हिला तिच्याच काढ्याने खोटं पाडावं, असं त्याच्या मनात आलं. पण तो नीटनेटका माणूस. त्याने आधी स्वतःची लघवी घेतली आणि तिच्यादेखत तपासली. पिवळट गढूळ, बाकी काही नाही. गेल्या महिनाभरात त्याने एकही गोळी घेतली नव्हती. मग गडवा तोंडाला लावला. इतकं कडू आणि तुरट, की जीभ टाळूला चिकटून बसली. देवकाबाई व्हरांड्यात पाय पसरून जाळं शिवायला बसली. जाताजाता कंपाउंडरने विचारलं, काय चाललंय. ती म्हणाली, साहेबाच्या मुताची वाट पाहून राह्यलो.

दोन तासांनी रंग आला की नाही, ते ठरवता येत नव्हतं. नळी खिडकीपाशी धरून तो बघत राहिला. सव्वाचार तासांनी घेतलेल्या नळीत जांभळा होता. गिरजाबाईसारखा गडद नाही. धुतलेल्या कापडातून निघणाऱ्या रंगाइतका फिका. त्याने लघवी उकळली. रंग राहिला. नवं फेरिक क्लोराईड केलं, नवी नळी धुतली. तरी राहिला. सकाळच्या लघवीत नव्हता, आता होता.

त्याने नळी स्टँडला लावली. मग कपाटाच्या तळातून शिकतानाचं जुनं पुस्तक काढलं. हे पान त्याने पूर्वी वाचलेलं होतं. त्याखाली त्याच्याच हाताची रेघ होती. वाळुंजाच्या जातीच्या सालीत कडू सॅलिसिन असतं, आणि त्याला फेरिक क्लोराईड जांभळं करीत नाही. ते पोटात गेल्यावर आतडी आणि यकृत मिळून त्याचं सॅलिसिलिक आम्ल करतात, आणि जांभळं होतं ते आम्ल. शिवाय सालीत टॅनिन भरलेलं. ते काळं पडलं की बाकी जे काही असेल ते झाकून टाकतं. म्हणजे नळीने त्याला खोटं सांगितलं नव्हतं. जे तिच्यात नव्हतं ते तिने दाखवलं नव्हतं. ते त्याच्या स्वतःच्या अंगात तयार व्हायचं होतं. रेघ मारणारा माणूस आणि बाजारात नळी नाचवणारा माणूस एकच होता, हे त्याला त्या घटकेला सहन होईना. सरपटवारांनी निदान रेघ तरी मारली नसेल.

देवकाबाई आत आली. त्याने नळी तिच्यापुढे धरली.

"हाय ना?" ती म्हणाली.

"हाय. पण थोडं."

"थोडंच असते. म्हणून मी गडवाभर देतो."

मग त्याने तिला विचारलं, आणि हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा कोणा पाला देणाऱ्या बाईला विचारलं असेल, की ती हे देते कसं. ती म्हणाली, कोवळ्या फांदीची साल कडू, म्हाताऱ्या खोडाची नुसती तुरट. पावसाळ्यातली फिकी. प्रत्येक झाडाची चघळून बघायची, कडू कमी असेल तर मूठ वाढवायची. पोट जळणाऱ्याला द्यायची नाही, पोटुशीला नाही, रक्त जात असेल त्याला मुळीच नाही. आणि घटकाभरात गुण येत नाही. हळूहळू येतो, आणि जोराच्या दुखण्याला येतही नाही.

"तुमची मूठ आणि तुमच्या सुनेची मूठ सारखी हाय काय?" श्रावणने विचारलं.

तिने स्वतःची मूठ मिटून पाहिली. "नाई," म्हणाली.

"त्याच्यासाठीच गोळी केली लोकायनं. आधी कडू वस्तू येगळी काढली, मंग तिचं आम्ल केलं. ते पोट जाळत होतं, म्हणून त्याले आणखी एक आंबट जोड देल्ला. ते झालं आस्पिरीन. ते कोणत्याच झाडात नाई, बाई. कारखान्यात होते. प्रत्येक गोळी सारखी."

"मंग गिरजाबाईले काऊन लागली?"

"कारण आपण गोळी खाऊन राह्यलो हे तिले कोणी सांगतलंच नाई."

त्यातली खुबी त्या जोडातच होती. पुडीतल्या खड्यांतून व्हिनेगरचा जो वास आला होता, तो त्याच जोडाचा. सालीतून तो कधी आला नसता. सालीने आणि गोळीने लघवी दोन्हीकडे जांभळी होते, म्हणून लघवीवरून उमाजी सुटला असता. वासावरून सुटू शकत नव्हता. आणि रक्त गोठू न देण्याचा आस्पिरीनचा जो जोर, तो त्या जोडामुळेच. गोळी घेतली की रक्त गोठवणाऱ्या कणांना ती त्यांच्या उरल्या आयुष्यभर निकामी करते, पुढचे आठ-दहा दिवस. हृदयाच्या रोग्याला ते कामाचं, पोटात जखम झालेल्या बाईला प्राणावर बेतणारं. साल पिणाऱ्याच्या रक्तावर तसा परिणाम होत नाही. एका पुडीत खडे किती, हे श्रावणला मोजता आलं नाही. उमाजीलाही सांगता आलं नसतं. तो दोन हातांनी कालवत असेल. एका पुडीत खडा नाही, दुसरीत मूठभर. म्हणजे सालीतली अनिश्चिती आणि गोळीतला विखार, दोन्हींतलं वाईट तेवढं वेचून त्याने शंभर टक्के जंगली म्हणून विकलं होतं. आणि तपकिरी रंगासाठी वर सालीचा भुगा.

श्रावणने हे सगळं दोन पानांत लिहिलं, पुडीचा नमुना लाखेने बंद केला आणि वर पाठवला. डॉक्टरांनी न वाचता सही केली. आठ महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, की नमुना अपुरा असल्याने तपासणी करता आली नाही. श्रावणने ते पत्र लॅबच्या भिंतीला टाचणीने लावलं. तपासणीला येणारे साहेब ते वाचून नाराज होत, याचं त्याला समाधान होतं.

उमाजी परत वेलमपेठला आला नाही. घुग्घुसच्या रस्त्यावर, खाणीच्या मजुरांच्या बाजारात तो दिसल्याचं ट्रकवाल्यांनी सांगितलं. फेटा आता भगवा होता आणि चूर्णाचं नाव वेगळं. श्रावणने तिकडच्या ठाण्यालाही पत्र टाकलं. त्याचं तर उत्तरच आलं नाही.

देवकाबाईविषयी बोललेलं मात्र त्याने परत घेतलं. मुखरूभाऊंना शेजारी उभं करून बाजारात सांगितलं, की हिच्या सालीत औषध आहे, थोडं आहे, पण आहे, आपण चुकलो. लोकांनी ऐकून घेतलं. कोणी विचारलं, मग उमाजीचं चूर्णही चांगलंच होतं म्हणा की. श्रावणला त्या माणसाचं तोंड धरून सूक्ष्मदर्शकावर आपटावंसं वाटलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. माणूस मान हलवून निघून गेला.

देवकाबाई मासळीवरच्या माशा हाकलत म्हणाली, "खोटी म्हणाले तवा सारा बाजार उभा होता. खरं म्हणाले तवा लोकं कांदे घेऊन राह्यले होते." त्याने माफी मागितली तेव्हा तिने ती घेतली की नाही, तेही कळू दिलं नाही. त्याच्या पिशवीत तिने मासळी टाकली, आणि पैसे मोजून घेतले.

पावसाळ्यात गिरजाबाई दवाखान्यात आली. रंग परतला होता, हाडं अजून वर आलेली. तिचं म्हणणं एकच होतं. गुडघे पुन्हा गेले. ते चूर्ण कुठे मिळते ते सांगा. थोडंच खाईन.

श्रावणने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. जिच्या नळ्या त्याने उकळल्या, जिच्यासाठी सुईने खडे वेचले, ती बाई त्याच खड्यांचा पत्ता मागत होती. एक शब्द तोंडाशी आला, तो त्याने गिळला. मग तिला बसवून सांगितलं, की चूर्ण नाही, आस्पिरीनची गोळीही नाही, तिच्या पोटाला आता दोन्ही चालणार नाही. ती रुसून उठली आणि तशीच ढिवर मोहल्ल्याकडे वळली.

तिकडे देवकाबाईनेही काढा दिला नाही. ज्याच्या पोटातून रक्त गेलं त्याला साल नाही, ती म्हणाली. गिरजाबाईने दोघांना शिव्या दिल्या. दवाखान्यातला आणि नदीवरली, दोन्ही सारखेच निकम्मे, असं ती गावभर सांगत सुटली.

त्यानंतर मात्र श्रावणने एक गोष्ट बदलली. त्याच्या रजिस्टरात गावठी औषधाच्या रकान्यात नुसतं होय किंवा नाही असं लिहायचा रिवाज होता. त्याने त्या चौकोनात लहान अक्षरांत लिहायला सुरुवात केली: पाला कोणता, झाडाचा कोणता भाग, कोणी दिला, किती दिवस, पुडीत पांढरं काही दिसलं का. डॉक्टर म्हणाले, एवढं कोण वाचणार. श्रावण म्हणाला, तुम्ही नाही. अठ्ठ्याऐंशीत त्याची बदली वरोऱ्याला झाली तेव्हा वेलमपेठच्या त्या रजिस्टरात देवकाबाईचं नाव सतरा वेळा होतं, आणि सतराही वेळा पुढे तिच्या सांगण्यावरून लिहिलेलं होतं, की रोग्याचं पोट जळत नाही ना, हे विचारून मग काढा दिला.